तांब्याच्या पृष्ठभागावर एसटीएम: प्रवाहाच्या उतारापासून इलेक्ट्रॉनांच्या लाटांपर्यंत

स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपचे, म्हणजे रूढ भाषेत एसटीएमचे, चित्र पाहताना डोळा आपोआप त्यात टेकड्या आणि खळगे शोधू लागतो. उजळ ठिपका म्हणजे वर आलेला अणू आणि काळा ठिपका म्हणजे अणूची रिकामी जागा, असा अर्थ लावायला कोणाला शिकवावे लागत नाही, आणि नेमका तोच अर्थ बऱ्याचदा चुकतो. हे उपकरण उंची मोजत नाही. ते सुई आणि नमुना यांच्यामधून वाहणारा प्रवाह ठरवलेल्या मूल्यावर स्थिर ठेवते आणि त्यासाठी सुई किती वर किंवा खाली न्यावी लागली एवढेच नोंदवते. त्या नोंदीत अणूंची मांडणी किती आणि इलेक्ट्रॉनांच्या अवस्था किती, हे वेगळे करण्याची रीत या लेखात क्रमाने दिली आहे. संपूर्ण विवेचन एकाच नमुन्यावर केले आहे: तांब्याच्या स्फटिकाचा (१११) पृष्ठभाग, अतिनिर्वातात, द्रवरूप हेलियमने सुमारे ५ केल्व्हिनपर्यंत थंड केलेला. हा नमुना निवडण्याचे कारण असे की त्याच्यावरील जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक आहे, त्यामुळे चूक झाली तर ती लपत नाही.

प्रवाह किती वेगाने घटतो

सुई आणि धातू यांच्यामधील निर्वात पोकळी ही इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने एक भिंत आहे. तिची उंची साधारणपणे दोन्ही धातूंच्या कार्यफलनांच्या सरासरीएवढी, म्हणजे ४ ते ५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. अभिजात भौतिकीप्रमाणे इलेक्ट्रॉनाने ही भिंत ओलांडू नये, परंतु त्याचे तरंगफलन भिंतीत शिरल्यावर एकदम शून्य होत नाही, तर घातांकी रीतीने मावळत जाते. पोकळी पुरेशी अरुंद असेल तर मावळत्या तरंगाचा थोडा अंश पलीकडे पोहोचतो आणि लहान विभवांतर दिल्यास त्यातून मोजता येण्याजोगा प्रवाह वाहतो. पुढील तीन सूत्रे या लेखाला पुरेशी आहेत.

```
I(z) = I0 · exp(−2κz)
κ = 0.512 · √φ            (κ : 1/Å,  φ : eV)
φ = 0.952 · (d ln I / dz)²
```

पहिल्या सूत्रातील 2 हा अंक तरंगफलनाच्या वर्गामुळे येतो, आणि नवख्या माणसाकडून सर्वाधिक वेळा तोच राहून जातो. भिंतीची उंची ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर 2κ चे मूल्य दर अँगस्ट्रॉमला २.१७ येते, म्हणजे सुई एक अँगस्ट्रॉम मागे घेतली की प्रवाह जवळजवळ नऊपट घटतो. एक अँगस्ट्रॉम हे अंतर अणूच्या व्यासापेक्षाही कमी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे एसटीएमला अणू वेगळे का दाखवता येतात ते कळते. सुईच्या टोकावरचा एक अणू शेजाऱ्यांपेक्षा एखाद्या अँगस्ट्रॉमने पुढे असला तरी प्रवाहाचा फार मोठा वाटा त्या एकट्यामधून जातो. सुई परिपूर्ण असण्याची गरज नसते. तिच्यावरचा एकच अणू पुढे असावा लागतो.

गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी आयबीएमच्या झुरिचजवळील प्रयोगशाळेत १९८१ मध्ये पहिल्यांदा प्रस्थापित केली ती हीच गोष्ट. टंगस्टनची सुई आणि प्लॅटिनमचा पत्रा यांच्यामधला प्रवाह अंतराबरोबर घातांकी रीतीने बदलतो, हे त्यांनी आधी दाखवले आणि सिलिकॉनच्या ७×७ पुनर्रचनेचे प्रसिद्ध चित्र १९८३ मध्ये आले. हा क्रम मला अनुकरणीय वाटतो. प्रवाहाचा उतार आधी मोजावा, चित्राचा अर्थ नंतर लावावा.

नमुना आणि सुई तयार करणे

तांब्याचा स्फटिक सुमारे १०⁻¹⁰ मिलिबार दाबाच्या निर्वातात आर्गॉनच्या आयनांनी, साधारण १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने, खरवडून काढतात आणि नंतर सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून अणूंना पुन्हा जागेवर बसू देतात. ही जोडी काही वेळा करावी लागते. तापवणे अपुरे झाले तर पठारे लहान राहतात आणि पायऱ्यांची गर्दी दिसते. आपल्याला किमान ३०० ते ४०० अँगस्ट्रॉम रुंदीचे मोकळे पठार हवे आहे, कारण पुढे ज्या लाटा मोजायच्या आहेत त्यांची लांबी दहा-वीस अँगस्ट्रॉमची असते आणि अशा अनेक लाटा सलग दिसल्याशिवाय लांबी नेमकी काढता येत नाही.

सुईसाठी टंगस्टनची तार सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विद्युतविलेपनाच्या उलट क्रियेने झिजवतात. द्रावणाच्या पृष्ठभागाजवळ तारेला मान पडते, खालचा तुकडा स्वतःच्या वजनाने तुटतो, आणि त्याच क्षणी परिपथ खंडित करावा लागतो, नाहीतर नुकतेच तयार झालेले टोक झिजून बोथट होते. अशा सुईवर ऑक्साइडचा थर असतोच. तो निर्वातात सुई तापवून काढतात. तरीही शेवटचा हात नमुन्यावरच फिरवावा लागतो. सुई स्वच्छ तांब्यात पाच-दहा अँगस्ट्रॉम हलकेच रुतवून बाहेर काढली की तिच्या टोकावर तांब्याचे अणू चढतात. यानंतर आपण प्रत्यक्षात तांब्याच्या सुईने तांबे पाहत असतो, आणि अर्थ लावायला ती फार सोयीची परिस्थिती आहे. रुतवण्याची जागा मोजमापाच्या पठारापासून दूर निवडावी, कारण तेथे ढिगारा उरतो.

सुई ठीक आहे की नाही, हे पायरीवरून कळते. पायरीची कड एकच आणि तीव्र दिसली पाहिजे. प्रत्येक डागाची शेजारी तेवढ्याच अंतरावर आणि त्याच दिशेला दुसरी प्रत दिसत असेल, तर सुईला दोन टोके आहेत, पुन्हा रुतवा. हा भाग कंटाळवाणा असतो आणि कित्येकदा अख्खी दुपार त्यात जाते, पण त्याला आडवाट नाही.

झेड अक्षाचे अंशांकन

सुई वर-खाली करणारा पिझो दर व्होल्टला किती सरकतो, हा आकडा उत्पादकाच्या कागदावर असतो, परंतु तो खोलीच्या तापमानाचा असेल तर येथे निरुपयोगी ठरतो, कारण ५ केल्व्हिनला पिझोचा प्रतिसाद बराच कमी झालेला असतो. म्हणून तांब्याचीच पायरी मापपट्टी म्हणून वापरावी. (१११) पृष्ठभागावरील एकाणवीय पायरीची उंची २.०८ अँगस्ट्रॉम असते. पायरीच्या दोन्ही बाजूंना तोच धातू, त्याच मांडणीत, त्याच अवस्थांसह असल्यामुळे येथे चित्रातली उंची आणि भौमितिक उंची यांच्यात फरक पडण्याचे कारण उरत नाही. कडेपासून दूरच्या दोन पठारांची सरासरी उंची घेऊन वजाबाकी करावी. खुद्द कडेजवळची उंची घेऊ नये, कारण तेथे इलेक्ट्रॉनांच्या लाटा असतात.

एवढी काटेकोरता कशासाठी, हे तिसऱ्या सूत्रात दिसते. भिंतीची उंची उताराच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे झेड अक्षातील ५ टक्के चूक भिंतीच्या उंचीत १० टक्के होऊन बाहेर येते.

प्रवाहाचा उतार मोजणे

पायऱ्यांपासून आणि दिसणाऱ्या दोषांपासून दूर, पठाराच्या मध्यभागी सुई न्यावी. नमुन्यावर १०० मिलिव्होल्ट विभवांतर आणि १ नॅनोअँपिअर प्रवाह ठेवून फीडबॅकने सुई स्थिर होऊ द्यावी. विभवांतर लहान ठेवण्याचे कारण असे की वरील साधे सूत्र विभवांतर भिंतीच्या उंचीपेक्षा पुष्कळ कमी असतानाच लागू पडते. एक-दोन व्होल्ट दिले तर भिंत तिरकी होते. सुई जागेवर नेल्यानंतर काही मिनिटे थांबावे. पिझो हलवल्यावर तो लगेच शांत होत नाही, हळूहळू रांगत राहतो, आणि ती रांग थेट उतारात मिसळते.

आता फीडबॅक बंद करून सुई ३ अँगस्ट्रॉम मागे घ्यावी, तेवढीच पुढे आणावी, दोन्ही वेळचा प्रवाह नोंदवावा आणि फीडबॅक पुन्हा सुरू करावा. समजा नोंद अशी मिळाली: सुरुवातीला १००० पिकोअँपिअर, १ अँगस्ट्रॉमवर ११५, २ अँगस्ट्रॉमवर १३.२ आणि ३ अँगस्ट्रॉमवर १.५. हजाराला दीडने भागून नैसर्गिक लॉगरिदम घेतला तर ६.५० येतो; त्याला ३ ने भागले की उतार दर अँगस्ट्रॉमला २.१७ मिळतो, त्याचा वर्ग ४.७०, आणि ०.९५२ ने गुणले की भिंतीची उंची सुमारे ४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तांब्याच्या (१११) पृष्ठभागाचे कार्यफलन ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आहे आणि टोकदार सुईचे कार्यफलन सपाट पृष्ठभागापेक्षा कमी भरते, त्यामुळे हे उत्तर विश्वासार्ह मानता येईल. त्याहून महत्त्वाची खूण अशी की पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या अँगस्ट्रॉममधील घट वेगवेगळी काढली तरी तिन्ही उत्तरे जवळजवळ सारखी येतात. लॉगच्या आलेखावर रेषा सरळ आहे, हाच घातांकी घटीचा पुरावा.

रेषा सरळ आली नाही तर तिचा आकारच दोष सांगतो. खालच्या टोकाला रेषा आडवी होत असेल, तर बहुधा प्रवाहवर्धकाचे शून्य सरकलेले आहे. दीड पिकोअँपिअरच्या प्रवाहात एक पिकोअँपिअरचा खोटा भाग मिसळला, तर शेवटचे बिंदू निरर्थक होतात. सुई पूर्ण मागे घेऊन शून्य किती आहे ते मोजावे आणि ते वजा करावे. जाताना आणि येतानाच्या रेषा एकमेकींवर न बसता समांतर सरकलेल्या असतील, तर पिझोची रांग किंवा तापमानातील बदल कारणीभूत असतो. त्या दोघींमध्ये फट राहते आणि सुई हळू नेली की ती फट नाहीशी होते, असे दिसले तर वर्धक मागे पडतो आहे असे समजावे, कारण जास्त वर्धन देणारे वर्धक मंद असतात.

रेषा सरळ, पण भिंतीची उंची १ इलेक्ट्रॉनव्होल्टहूनही कमी, असा निकाल हवेत ग्रॅफाइटवर काम करणाऱ्यांना ओळखीचा आहे. त्याचा अर्थ कार्यफलन खरोखर एवढे घसरले असा क्वचितच असतो. सुई आणि नमुना यांच्यामध्ये घाण अडकलेली असते, सुई मागे-पुढे होताना ती स्प्रिंगसारखी दाबली आणि सैल होते, आणि पिझो एक अँगस्ट्रॉम सरकला तरी प्रत्यक्ष पोकळी त्याच्या एका अंशानेच बदलते. निर्वातातील तांब्यावर असा आकडा आला तर सुई घाणेरडी आहे, आणि त्या सुईने काढलेल्या पुढच्या कोणत्याही चित्रावर वेळ घालवू नये.

या उतारावरून सुई किती दूर आहे याचाही अंदाज बांधता येतो. सुई आणि नमुना एका अणूने एकमेकांना टेकले असता रोध सुमारे १२.९ किलोओहम असतो. १०० मिलिव्होल्ट आणि १०० पिकोअँपिअरला रोध १ गिगाओहम होतो. दोहोंच्या गुणोत्तराचा लॉगरिदम ११.३ आणि उतार २.१७ धरला तर सुई स्पर्शबिंदूपासून सुमारे ५.२ अँगस्ट्रॉम मागे आहे असे निघते. हा अंदाजच आहे, कारण स्पर्शाजवळ सुईचे अणू ओढले जातात आणि रेषा सरळ राहत नाही. परंतु अंतर पाच अँगस्ट्रॉमचे आहे, पन्नासचे नाही, हे मनात पक्के राहिलेले बरे.

चित्रातली उंची ही कशाची उंची

टेर्सॉफ आणि हामन यांनी १९८३ मध्ये एक सोपे पण खोल उत्तर दिले. सुईचे टोक एका गोल, दिशाहीन कक्षेसारखे मानले आणि विभवांतर लहान ठेवले, तर प्रवाह नमुन्याच्या स्थानिक अवस्था-घनतेच्या प्रमाणात असतो. म्हणजे फर्मी पातळीजवळच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सुई जेथे आहे त्या बिंदूवर किती प्रमाणात सापडतात, त्याच्या. हा बिंदू अणूंच्या गाभ्यावर नसून पृष्ठभागाबाहेर, निर्वातात आहे. त्यामुळे स्थिर प्रवाहाचे चित्र म्हणजे या घनतेची समोच्चरेषा असलेला पृष्ठभाग होय.

याचा आकड्यांतला अर्थ उतारावरूनच निघतो. दोन ठिकाणी भूमिती अगदी सारखी आहे, पण एका ठिकाणी अवस्था-घनता दुप्पट आहे, असे समजा. प्रवाह स्थिर ठेवण्यासाठी सुईला तेथे वर जावे लागेल. किती, तर २ चा लॉगरिदम भागिले 2κ, म्हणजे ०.६९३ भागिले २.१७, सुमारे ०.३२ अँगस्ट्रॉम. अवस्था-घनता ५ टक्क्यांनीच बदलली तर हा फरक ०.०२ अँगस्ट्रॉमवर येतो. ही दोन उत्तरे कागदावर लिहून उपकरणाशेजारी चिकटवावीत, असे मी सांगेन. पहिले उत्तर सांगते की चित्रात एक तृतीयांश अँगस्ट्रॉमचा उंचवटा दिसला म्हणून तेथे काही वर आलेले असेलच असे नाही. दुसरे सांगते की इलेक्ट्रॉनांच्या लाटा पाहायच्या असतील, तर उपकरणाचा झेड दिशेतील गोंगाट शतांश अँगस्ट्रॉमच्या खाली असला पाहिजे.

भूमिती आणि अवस्था यांतला भेद सर्वांत स्वच्छ दिसतो तो गॅलियम आर्सेनाइडच्या (११०) पृष्ठभागावर. फीनस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की नमुन्यावर धन विभवांतर दिले असता गॅलियमचे अणू दिसतात आणि ऋण दिले असता आर्सेनिकचे. धन विभवांतराला इलेक्ट्रॉन सुईतून नमुन्याच्या रिकाम्या अवस्थांत जातात, आणि त्या गॅलियमभोवती एकवटलेल्या आहेत. ऋण विभवांतराला ते नमुन्याच्या भरलेल्या अवस्थांतून बाहेर येतात, आणि त्या आर्सेनिकभोवती आहेत. अणू जागचे हललेले नाहीत. येथे एक व्यावहारिक सूचना: काही उपकरणांत विभवांतर नमुन्याला दिले जाते, काहींत सुईला. आपल्या उपकरणातील चिन्ह कोणते, हे स्वतः तपासल्याशिवाय भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांबद्दल एक वाक्यही लिहू नये.

तांब्याचा स्पेक्ट्रम

एका जागी सुई स्थिर धरून विभवांतर बदलत नेले आणि प्रवाहाचा विभवांतराशी असलेला बदलाचा दर मोजला, तर त्या जागची अवस्था-घनता ऊर्जेनुसार कशी बदलते ते कळते. तांब्याच्या (१११) पृष्ठभागावर यासाठी एक नैसर्गिक खूण आहे. येथे काही इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या आत शिरू शकत नाहीत आणि बाहेर निर्वातातही जाऊ शकत नाहीत. ते पृष्ठभागालगत अडकून दोनच मितींत मोकळेपणे फिरतात. या पृष्ठीय अवस्थेचा पट्टा फर्मी पातळीच्या सुमारे ०.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली सुरू होतो. द्विमितीय मोकळ्या इलेक्ट्रॉनांची अवस्था-घनता ऊर्जेवर अवलंबून नसते, म्हणून आलेखात शिखर न दिसता एक पायरी दिसते. शिवाय या इलेक्ट्रॉनांचा पृष्ठभागाला समांतर संवेग लहान असल्यामुळे त्यांचे तरंगफलन निर्वातात तुलनेने सावकाश मावळते आणि सुईपर्यंत अधिक प्रमाणात पोहोचते.

मोजमापाची रीत अशी. पठाराच्या मध्यभागी उणे ०.८ व्होल्ट आणि ५०० पिकोअँपिअरवर सुई स्थिर करावी, फीडबॅक बंद करावा आणि विभवांतर उणे ०.८ पासून अधिक ०.२ व्होल्टपर्यंत हळूहळू न्यावे. त्यावर ५ मिलिव्होल्टचे (वर्गमध्यमूळ) प्रत्यावर्ती विभवांतर मिसळून त्याच वारंवारतेचा प्रवाह लॉक-इन वर्धकाने वेगळा काढावा. वारंवारता फीडबॅकच्या आवाक्याबाहेर पण प्रवाहवर्धकाच्या आवाक्यात असावी, आणि आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ती ५० च्या पटीत नसावी. लॉक-इनची कला, म्हणजे फेज, ठरवताना सुई थोडी मागे घ्यावी. टनेलिंग थांबते, तरी सुई आणि नमुना यांच्या धारकतेमुळे वाहणारा प्रवाह उरतो. तो टनेलिंगच्या प्रवाहाशी ९० अंशांत असतो, म्हणून तो शून्य दिसेल अशी कला निवडावी. हे केले नाही तर आलेखाखाली एक खोटी पातळी बसते आणि ती अवस्था-घनता समजली जाते.

पायरी किती तीव्र दिसेल, याला तापमान आणि मिसळलेले विभवांतर या दोहोंची मर्यादा आहे. तापमानामुळे येणारी पसरट साधारण 3.5kT असते: ५ केल्व्हिनला दीड मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, पण खोलीच्या तापमानाला सुमारे ९०. मिसळलेल्या ५ मिलिव्होल्टमुळे सुमारे १२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची पसरट येते. म्हणजे आपल्या मोजमापात मर्यादा आपण स्वतः मिसळलेल्या विभवांतराची आहे, हेलियमची नाही.

पायरी ०.४४ च्या आसपास आली, आणि पठारावर पाच-सहा ठिकाणी तीच आली, तर सुई स्पेक्ट्रमसाठी योग्य आहे. आली नाही, किंवा तिच्याबरोबर दुसरी शिखरे दिसली आणि ती सर्वत्र सारखीच राहिली, तर ती शिखरे सुईची आहेत. हा धोका ऋण विभवांतराला अधिक असतो. तेव्हा नमुन्यातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांपैकी फर्मी पातळीजवळच्यांना भिंत सर्वांत कमी उंच भासते, म्हणून प्रवाहात त्यांचाच वाटा मोठा असतो, आणि विभवांतर वाढवले की ते सुईच्या वेगवेगळ्या रिकाम्या अवस्थांत पडतात. त्यामुळे नमुन्याच्या खोलवरच्या अवस्थांऐवजी सुईच्याच रिकाम्या अवस्था आलेखात उमटण्याची शक्यता असते. उपाय तोच: सुई पुन्हा तांब्यात रुतवा आणि पायरी पुन्हा मोजा.

लाटा

पृष्ठीय अवस्थेतील इलेक्ट्रॉन पायरीच्या कडेवर किंवा एखाद्या परक्या अणूवर आदळून परततात. जाणारी आणि परतणारी लाट मिळून स्थिर लाट तयार होते आणि अवस्था-घनतेत जवळजवळ समांतर पट्टे उमटतात. क्रोमी, लुट्झ आणि आयग्लर यांनी १९९३ मध्ये तांब्याच्या याच पृष्ठभागावर, ४ केल्व्हिनला, त्या लाटांची चित्रे प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी लोखंडाच्या ४८ अणूंचे वर्तुळ रचून त्यात त्या कोंडून दाखवल्या.

त्यांची लांबी आधीच काढता येते. प्रभावी वस्तुमान मोकळ्या इलेक्ट्रॉनाच्या ०.३८ पट आणि पट्ट्याचा तळ ०.४४ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली धरला, तर फर्मी पातळीवर तरंगसंख्या ०.५१२ गुणिले (०.३८ × ०.४४) चे वर्गमूळ, म्हणजे दर अँगस्ट्रॉमला ०.२१ येते. तरंगलांबी ३० अँगस्ट्रॉम. परंतु घनता तरंगफलनाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे चित्रात पट्टे १५ अँगस्ट्रॉमवर दिसतात. तांब्याचे शेजारचे दोन अणू २.५५ अँगस्ट्रॉमवर असतात, तेव्हा हे पट्टे अणूंच्या रांगा नाहीत हे अंतरावरूनच स्पष्ट होते.

अधिक पक्की परीक्षा विभवांतर बदलून होते. पायरीची कड चित्रात ठेवून बदलदराचे नकाशे तीन विभवांतरांना घ्यावेत. उणे ०.२ व्होल्टला वरील सूत्राप्रमाणे पट्ट्यांचे अंतर सुमारे २० अँगस्ट्रॉम यावे, शून्याच्या अगदी जवळ १५, आणि अधिक ०.३ व्होल्टला ११.५ च्या आसपास. अंतर असे बदलले तर पट्टे इलेक्ट्रॉनांचे आहेत. विभवांतराने ते बदलत नाहीत, पण स्कॅनचा वेग दुप्पट केल्यावर त्यांचे अंतर दुप्पट होते, असे दिसले तर तो इमारतीचा किंवा पंपाचा कंप आहे. दोन्हींनी बदलत नसेल तर पृष्ठभागाची खरी रचना असू शकते. उणे ०.४४ च्या खाली गेल्यावर पट्टे नाहीसे व्हायला हवेत, आणि ते नाहीसे झालेले पाहणे हा मला सर्वांत समाधानकारक पुरावा वाटतो.

नकाशे घेताना एक सापळा आहे. फीडबॅक चालू ठेवून बदलदर मोजला तर सुई प्रत्येक बिंदूवर वेगळ्या उंचीवर असते, आणि ती उंची स्वतः शून्यापासून त्या विभवांतरापर्यंतच्या सर्व लाटांच्या बेरजेने ठरलेली असते. मग एका ऊर्जेच्या लाटेवर दुसऱ्या ऊर्जांच्या लाटांची उलटी सावली पडते आणि पट्टे सरकलेले किंवा फिके दिसतात. शक्य असेल तर सपाट पठारावर फीडबॅक बंद करून, सुई एकाच उंचीवर ठेवून नकाशा घ्यावा. उपकरणाचे सरकणे त्यासाठी मिनिटाला शतांश अँगस्ट्रॉमच्या घरात आणावे लागते. ते जमत नसेल तर प्रत्येक बिंदूवर सुई अशा विभवांतराला स्थिर करावी की जेथे लाटांचे परस्परांत निरसन झालेले असते, आणि ते विभवांतर नोंदीत लिहावे.

खळगा दिसणारा रेणू

आतापर्यंत तपासलेली सुई घेऊन पृष्ठभागावर थोडा कार्बन मोनॉक्साइड सोडावा. हा रेणू तांब्याच्या अणूच्या डोक्यावर कार्बन खाली करून सरळ उभा राहतो, म्हणजे भौमितिकदृष्ट्या तो नक्कीच वर आलेला आहे. तरीही स्वच्छ धातूच्या सुईला कमी विभवांतरावर तो खळगा दिसतो. त्याच्या स्वतःच्या अवस्था फर्मी पातळीपासून कित्येक इलेक्ट्रॉनव्होल्ट दूर आहेत, आणि तो ज्या अणूवर बसतो त्याच्या, निर्वातात पसरलेल्या अवस्था तो मागे ढकलतो. तेथे घनता कमी होते आणि सुईला खाली उतरावे लागते. बार्टेल्स, मायर आणि रीडर यांनी १९९७ मध्ये असाच एक रेणू सुईच्या टोकावर उचलून घेतला, आणि त्या सुईने पाहिल्यावर पृष्ठभागावरचे कार्बन मोनॉक्साइडचे रेणू उंचवटे दिसू लागले. नमुन्यात काहीच बदललेले नव्हते. टेर्सॉफ आणि हामन यांची गोल, दिशाहीन सुई आता राहिलेली नव्हती एवढेच.

म्हणून अनोळखी रेणूचे चित्र घेतल्यावर सुई न बदलता त्याच्या शेजारच्या उघड्या तांब्यावर परत यावे, प्रवाहाचा उतार आणि उणे ०.४४ व्होल्टची पायरी पुन्हा मोजावी, आणि दोन्ही आलेख त्या चित्राबरोबरच, त्याच तारखेच्या नोंदीत ठेवावेत. उतार पूर्वीचाच पण पायरी पुसट झाली असेल, तर रेणूवरून जाताना सुईने काहीतरी उचलले आहे असे धरून ते चित्र बाजूला काढावे आणि सुई तांब्यात रुतवून पुन्हा सुरुवात करावी.